गडी परत आला नाही: ‘टाइमआउट’ दिवाणजींना कसा समजावायचा

बेदाण्याची आवक मार्च-एप्रिलमध्ये अंगावर येते. गेटवर टेम्पोंची रांग, काट्यावर गर्दी, हमालांची आरडाओरड, आणि या सगळ्याची नोंद घ्यायला एकच कॉम्प्युटर, तोही कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अशाच एका संध्याकाळी मणेराजुरीकडच्या एका शेतकऱ्याच्या नावावर 180 बॉक्स दोनदा चढले. चेंबरमध्ये 180, खात्यात 360. बॉक्स 15 किलोचा धरला तर 2,700 किलो बेदाणा नुसता कागदावर. भाड्याचं बिल दुप्पट गेलं आणि शेतकरी तावातावाने ऑफिसात आला, तेव्हा आम्हाला कळलं.

गेटवरच्या ऑपरेटरला सगळ्यांनी धारेवर धरलं. तो म्हणाला, “स्क्रीननंच सांगितलं परत दाबा, म्हणून दाबलं. माझं काय चुकलं?” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. स्क्रीनवर खरोखर हेच आलं होतं:

```
Request timed out. Please try again.
```

प्रोग्राममधली दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. पण काय बिघडलं होतं आणि आता काय बदललंय हे ऑपरेटर, दिवाणजी, हिशेबाच्या ताई आणि मालक या चौघांच्या गळी उतरवायला आठवडा गेला, त्यातही पहिला प्रयत्न साफ फसला. सांगली-तासगाव पट्ट्यात कोल्ड स्टोरेज, अडत, कारखाना किंवा पतसंस्था अशा ठिकाणी तुम्ही नव्यानेच ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणून लागला असाल, तर हा प्रसंग आज ना उद्या तुमच्यावर येणार. म्हणून मी कोणत्या क्रमाने गेलो आणि कुठे अडखळलो ते लिहून ठेवतो. उदाहरण शेवटपर्यंत हे एकच घेतलंय.

पहिली पायरी: समजल्यावर समोरचा काय वेगळं करणार?

नवा माणूस सुरुवात स्वतःच्या डोक्यातल्या चित्रापासून करतो. सर्व्हर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, मग टाइमआउट. मीही फळ्यावर दोन चौकोन काढून मध्ये बाण मारले होते. दिवाणजींनी चष्मा वर केला, बाणांकडे पाहिलं आणि चहा सांगितला. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

आधी कागद घ्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा: हे कळल्यावर तो उद्या सकाळी काय वेगळं करेल? माझ्या कागदावर असं आलं. ऑपरेटर: उत्तर न आल्यास फॉर्म बंद न करता तोच पुन्हा सेव्ह करेल. ताई: जुन्या नोंदींतल्या दुबार शोधून काट्याच्या पावतीशी ताडून पाहतील. मालक: “सरळ डुप्लिकेट उडवायचं बटण दे” हा हट्ट सोडतील. दिवाणजींसमोर मला काहीच लिहिता येईना. मग लक्षात आलं की त्यांना काही वेगळं करायचंच नव्हतं, फक्त विश्वास बसायला हवा होता. पण त्यांना पटल्याशिवाय बाकीच्यांना पटणार नव्हतं, कारण त्या ऑफिसात शेवटचा शब्द त्यांचा.

या वाक्यांत सर्व्हर कुठेच नाही. म्हणजे समजावण्यातही तो येण्याची गरज नाही. जे या कागदावरच्या एकाही वाक्याला लागत नाही ते गाळा. हे जड जातं, कारण आपल्याला सगळ्यात जास्त आवडणारा भाग बहुधा त्यातच असतो.

दुसरी पायरी: कल्पनेचा सांगाडा स्वतःपुरता लिहा

उदाहरण शोधायच्या आधी मूळ कल्पना एकही तांत्रिक शब्द न वापरता लिहून काढा. चार-पाच ओळींत येत नसेल तर ती आपल्यालाच नीट कळलेली नाही. माझा सांगाडा असा होता.

एकाने दुसऱ्याला काम सांगितलं. उत्तर आलं नाही. याची कारणं तीन असू शकतात: निरोप जाताना हरवला, म्हणजे काम झालेलं नाही, निरोप पोचला, कामही झालं, पण उत्तर येताना हरवलं, किंवा निरोप अजून वाटेतच आहे आणि थोड्या वेळाने पोचणार आहे. पाठवणाऱ्याच्या जागेवरून ही तिन्ही कारणं हुबेहूब सारखी दिसतात. त्याला दिसतं एवढंच, की उत्तर आलेलं नाही.

खरी मेख या शेवटच्या भागात आहे. 180 बॉक्सच्या वेळी दुसरं कारण लागू होतं. नोंद पोचली होती, चढलीही होती, पण “झालं” हे उत्तर परत येण्याआधी हॉटस्पॉट तुटला. स्क्रीन म्हणाली पुन्हा करा. स्क्रीनला जे माहीत नव्हतं ते तिने माहीत असल्यासारखं सांगितलं.

आता उदाहरण कोणतंही निवडा, त्यात हे भाग असायलाच हवेत: निरोप देणारा, काम करणारा, निरोप नेणारा, जाताना हरवणं, येताना हरवणं, उशीर, आणि पाठवणाऱ्याचं आंधळेपण. एकही भाग गळला तर उदाहरण ऐकायला गोड लागेल, पण नेमकं जिथे चूक होते तिथे उपयोगी पडणार नाही.

तिसरी पायरी: पहिलं सुचलेलं उदाहरण संशयाने पाहा

मला पहिलं सुचलं ते एटीएम. कार्ड घातलं, खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला, यंत्रातून नोटा मात्र आल्या नाहीत. सगळ्यांना माहीत असलेला अनुभव. मी सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो.

चार दिवसांनी जुन्या नोंदींत आणखी एक दुबार नोंद सापडली. ऑपरेटरला ती दिसली होती, पण तो बोलला नव्हता. का, असं विचारल्यावर म्हणाला, “तुम्हीच म्हणालात की एटीएमसारखं आहे. ते पैसे चार-पाच दिवसांत आपोआप परत येतात की ओ. म्हटलं, हे बी निघून जाईल.”

त्याचं बरोबर होतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे एटीएममधून न मिळालेले पैसे बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपणहून खात्यात परत घालायचे असतात, आणि त्याहून उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. बँकेकडे त्यासाठी यंत्रातल्या नोटांचा आणि खात्यांचा हिशेब जुळवणारी यंत्रणा आहे. आमच्या प्रोग्रामकडे तसलं काहीही नव्हतं. उदाहरणासोबत ती यंत्रणाही ऑपरेटरच्या डोक्यात शिरली, आणि ती मीच आणून दिली होती.

त्यातून एक सवय मला लागली. उदाहरण सुचलं की ऐकणारा त्याच्याविषयी मी सांगितलेलं सोडून आणखी काय जाणतो, याची यादी करायची. त्यातलं एखादं आपल्या बाबतीत खोटं असेल आणि माणूस त्यावर विसंबून वागण्याची शक्यता असेल, तर ते उदाहरण बाद. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीत हा धोका जास्त, कारण तिच्याविषयी प्रत्येकाला बरंच काही माहीत असतं.

माना डोलावण्यावर तर अजिबात जाऊ नका. आपल्याकडे मोठ्यांसमोर किंवा शिकलेल्या माणसासमोर “समजलं” म्हणायची रीत आहे. ती मर्यादा असते, समजल्याची पावती नव्हे.

चौथी पायरी: उदाहरण तुमच्या खिशातून काढू नका, त्यांना मागा

दुसऱ्यांदा मी काही सांगायला गेलोच नाही, विचारायला गेलो. दिवाणजींची उमेद सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर गेली. दुपारचा निवांत वेळ बघून विचारलं, “दिवाणजी, मोबाइल नव्हते तेव्हा गाळ्यावरून गोडाऊनला माल काढायचा निरोप कसा द्यायचात?”

“चिठ्ठी. गडी सायकलवरनं घेऊन जायचा. अमक्याची चाळीस पोती काढून गाडीत भर, असं मुकादमाला लिहायचं. तो माल काढणार, चिठ्ठीच्या मागं सही करणार, गडी परत आणून देणार.”

“आणि गडी परत आलाच नाही तर?”

दिवाणजी हसले. “मग काय! गेला चहाला असं समजायचं. पण आता तो जाताना चहाला गेला की येताना, हे कसं कळणार?”

मला आठवडाभर जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. जाताना चहाला गेला असेल तर पोती निघालीच नाहीत. येताना गेला असेल तर पोती गाडीत चढली आणि सही गड्याच्या खिशात. गाळ्यावर बसलेल्याला दोन्ही सारखंच. तिसरं कारणही त्यांनीच जोडलं: पंक्चर झालं असेल, सायकल ढकलत जात असेल, तासाभराने पोचेल.

“मग दुसरा गडी पाठवायचात?”

“पाठवायचा की. पण दुसरी चिठ्ठी लिहायची नाही! चिठ्ठीबुकावर नंबर छापलेला असतो. समजा 118. तर दुसऱ्या गड्याकडं 118 चीच नक्कल द्यायची. मुकादम निघालेल्या मालाच्या चिठ्ठ्या तारेत टोचून ठेवतो. 118 तारेला असली की तो म्हणणार, हे झालंय बाबा, आणि सही करून देणार. नवी 119 फाडली तर तो आणिक चाळीस काढणार. त्याचा काय दोष?”

प्रोग्राममध्ये मी केलेली दुरुस्ती अक्षरशः हीच होती. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक, आणि पलीकडे “हा क्रमांक आधी आलाय का” ही तपासणी.

नव्या माणसाने प्रश्न कसा विचारायचा, हे इथे महत्त्वाचं आहे. “टाइमआउटसारखं तुमच्या कामात काय असतं?” असं विचारून काही मिळत नाही, कारण टाइमआउट काय हेच त्यांना माहीत नाही. सांगाड्यातला एकेक भाग उचलायचा आणि साध्या भाषेत विचारायचं: निरोप कसा द्यायचात, उत्तर कसं यायचं, नाही आलं तर काय करायचात. माणूस आपल्या कामातल्या अडचणी मन लावून सांगतो. त्यात तुमचं उदाहरण सापडतं, आणि ते त्याचंच असल्यामुळे पटवून द्यावं लागत नाही.

पाचवी पायरी: एकेक भाग जुळवून दाखवा, आणि तिथेच थांबा

उदाहरण मिळालं की ते तसंच सोडून चालत नाही. कोणती गोष्ट म्हणजे कोणती, हे एकदा स्पष्ट सांगावं लागतं. मी स्क्रीन उघडून बसलो आणि बोट दाखवत गेलो. तुम्ही भरता तो आवकेचा फॉर्म ही चिठ्ठी. सेव्ह दाबणं म्हणजे गडी पाठवणं. हॉटस्पॉट म्हणजे गडी आणि त्याची सायकल. नोंदी जिथे जमा होतात ते दूरचं मशीन म्हणजे मुकादम, आणि त्याच्याकडची नोंदींची यादी म्हणजे तार. “नोंद झाली, पावती क्रमांक अमुक” हे उत्तर म्हणजे मुकादमाची सही.

आणि जुन्या प्रोग्रामची चूक कोणती? तो प्रत्येक वेळी सेव्ह दाबल्यावर नवी चिठ्ठी फाडत होता.

यात एक बारकावा आहे. तो सांगाड्यात लिहायला मी विसरलो होतो आणि उदाहरणानेच दाखवून दिला. क्रमांक कधी पडतो? चिठ्ठीवर तो लिहितानाच असतो, गडी निघताना पडत नाही. प्रोग्राममध्येही फॉर्म उघडताक्षणी क्रमांक तयार व्हायला हवा. सेव्ह दाबल्यावर तयार केला तर प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक मिळेल आणि सगळी दुरुस्ती पाण्यात जाईल. ऑपरेटरने फॉर्म बंद करून नवा का उघडायचा नाही, याचंही उत्तर इथेच आहे. नवा फॉर्म म्हणजे 119.

एवढं झालं की थांबा. गाडी रंगात आली की मोह होतो: मग चेंबर म्हणजे अमुक, काटा म्हणजे तमुक, पासवर्ड म्हणजे गोडाऊनची किल्ली. नको. एका बैठकीत एक गोष्ट, एक उदाहरण. मध्येच दुसरं उदाहरण आणलं, जसं की “किंवा असं समजा, कुरियरचं पार्सल...”, की ऐकणाऱ्याच्या डोक्यात गडी पार्सल घेऊन फिरायला लागतो.

सहावी पायरी: उदाहरण कुठे मोडतं ते आपणच सांगा

कोणतंही उदाहरण कुठेतरी मोडतंच. ते समोरच्याला चुकीच्या जागी सापडण्यापेक्षा आपण आधी सांगितलेलं बरं. चिठ्ठीच्या बाबतीत मी दोन ठिकाणं सांगितली.

एक, मुकादमाला अक्कल आहे. नंबर नसलेली दुसरी चिठ्ठी आली तरी तो म्हणेल, “अहो, आत्ताच तर चाळीस नेली याने, परत कशाला?” मशीन असं म्हणणार नाही. त्याला क्रमांक सोडून काही कळत नाही.

दोन, खरा मुकादम संध्याकाळी गाळ्यावर येईल तेव्हा बोलण्यात विषय निघेल, घोळ सुटेल. मशीन आपणहून कधीच सांगायला येत नाही. उत्तर हवं असेल तर पुन्हा गडी पाठवावाच लागतो. एटीएमच्या वेळी ऑपरेटरच्या मनात बसलेली “आपोआप निघून जाईल” ही समजूत मी इथे नाव घेऊन खोडली. जुनी चुकीची समजूत नुसतं नवं उदाहरण दिल्याने जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि घाईच्या वेळी जुनीच वर येते.

सातवी पायरी: “समजलं का?” विचारू नका, नवा पेच घाला

समजलं की नाही हे पाहायचा माझ्या अनुभवातला एकच खात्रीचा मार्ग म्हणजे आपण न सांगितलेली परिस्थिती पुढे ठेवायची आणि काय होईल ते विचारायचं. मी ऑपरेटरला विचारलं, “सेव्ह दाबलं, उत्तर नाही आलं, आणि तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटर परत चालू केला, फॉर्म रिकामा. आता?”

त्याने विचार केला. “म्हंजे चिठ्ठीबुकच हरवलं. 118 होती का 121, मला ठाऊक न्हाई. नवी फाडली तर डबल व्हायची भीती. आधी मुकादमाकडं जाऊन तार बघाय पायजे.” म्हणजे, आजच्या आवकेची यादी उघडून या गाडीची नोंद आधीच आहे का ते पाहायचं. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. उदाहरणावरून त्याने स्वतः काढलं. तेव्हा मला खात्री झाली.

मालकांचा पेच त्यांनी स्वतःच आणला. “एवढ्या भानगडीपेक्षा, एकाच शेतकऱ्याचे तेवढेच बॉक्स दहा मिनिटांत परत आले तर दुसरी नोंद उडवून टाक.” हे सगळ्यांना सुचतं, प्रोग्रामर मंडळींनासुद्धा. मी काही बोलण्याआधी ऑपरेटरच म्हणाला, “साहेब, परवा सावळजच्या पावण्यांचे दोन टेम्पो मागोमाग आले, दोन्हीत 180-180. एक उडवला असता तर?” चिठ्ठीच्या भाषेत सांगायचं तर मजकूर सारखा म्हणून चिठ्ठी तीच ठरत नाही. 118 आणि 119 दोन्हीवर “चाळीस पोती” असू शकतं आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. सारखेपणावरून फक्त संशय घेता येतो. म्हणून ताईंनी जुन्या नोंदींसाठी यादी काढली ती संशयितांची: शेतकरी, गाडी नंबर, बॉक्स सारखे आणि दोन नोंदींत दोन मिनिटांहून कमी अंतर. पुढे प्रत्येक जोडी वजनकाट्याच्या पावतीशी ताडली. काट्यावर गाडी एकदाच चढली असेल तर नोंद दुबार. निर्णय काट्याच्या पावतीचा, प्रोग्रामचा नव्हे.

मग ताईंनी एक प्रश्न विचारला आणि माझी पंचाईत झाली. “समजा त्याने 189 च्या जागी 198 टाकलं. सेव्ह दाबलं, उत्तर नाही आलं. तेवढ्यात चूक दिसली म्हणून 189 केलं आणि परत सेव्ह केलं. नंबर तोच, आकडा वेगळा. मुकादम काय करणार?”

दिवाणजी लगेच म्हणाले, “काय करणार? तो स्वतः गाळ्यावर येऊन विचारणार, की 118 वर आधी वेगळा आकडा होता, खरा कोणता?”

मी गप्प. कारण माझ्या प्रोग्रामने काय केलं असतं ते मला माहीत होतं. मी लिहिलेलं असं होतं:

```sql
INSERT INTO inward (entry_id, farmer_id, boxes)
VALUES ($1, $2, $3)
ON CONFLICT (entry_id) DO NOTHING;
```

म्हणजे हा क्रमांक आधी आलेला असेल तर काहीही करू नको. मजकूर तोच असेल तेव्हा हे ठीक. पण आकडा बदललेला असेल तर 198 तसाच राहतो, आणि ऑपरेटरला “नोंद झाली” असं दिसतं. त्याला वाटणार 189 झालं. दुबार नोंदीपेक्षा हे वाईट, कारण दुबार नोंद निदान डोळ्यांना दिसते.

त्या दुपारी दुरुस्तीची दुरुस्ती केली. क्रमांक आधीचा असेल तर साठवलेला मजकूर काढून नव्याशी ताडायचा. सारखा असेल तर जुन्याच पावतीचा क्रमांक परत द्यायचा. वेगळा असेल तर काही न बदलता दोन्ही आकडे ऑपरेटरसमोर ठेवायचे आणि विचारायचं. नुसता एरर फेकून चालत नाही, कारण ऑपरेटर वैतागून फॉर्म बंद करतो आणि 119 फाडतो.

नव्या लोकांनी यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी. शक्य असेल तर ही बैठक प्रोग्राम लोकांच्या हातात जायच्या आधी घ्या. मी नंतर घेतली, म्हणून मला दोनदा काम पडलं.

आठवी पायरी: नाव शेवटी, आणि तेही लागलं तर

पुन्हा केलं तरी परिणाम एकदाच होतो, या गुणाला आमच्या धंद्यात ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. शब्द मुळात गणितातला, 1870 च्या सुमाराचा. पहिल्या दिवशी मी तो फळ्यावर लिहिला होता. ताईंनी “हे औषधाचं नाव आहे का?” असं अगदी खरंच विचारलं होतं. आठवड्याअखेर शब्द सांगितला तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण वस्तू आधी ओळखीची झाली होती. उलट मालकांना तो आवडला, सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांना विचारायला.

आधी नाव आणि मग अर्थ असं गेलं तर माणूस नावातच अडकतो. आणि आमच्या ऑफिसात रोज वापरायला नवा शब्द लागलाच नाही. ‘तीच चिठ्ठी’ आणि ‘नवी चिठ्ठी’ एवढ्यावर काम भागतं.

चहाच्या वेळी ऑपरेटरने स्वतःच एक उदाहरण काढलं, ते चांगलं आहे म्हणून सांगतो. लिफ्टचं बटण चार वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते. एसटीची बेल तशी नाही: एकदा वाजली की गाडी थांबवायची, दोनदा वाजली की सोडायची. ऐकू गेली नसेल म्हणून कंडक्टरने पुन्हा मारली तर अर्थच उलटा. आमचं जुनं सेव्ह बटण एसटीच्या बेलसारखं होतं, आता लिफ्टसारखं आहे. तांत्रिकदृष्ट्या मला यात एकही खोट काढता आली नाही.

आणि स्क्रीनवरचं वाक्य

एवढं करूनही स्क्रीनवर `Please try again.` तसंच राहिलं असतं तर पुढच्या हंगामात नवा ऑपरेटर आला की सगळं पहिल्यापासून. आपण समजावून सांगितलेलं माणसासोबत निघून जातं, स्क्रीनवरचं वाक्य तिथेच राहतं. म्हणून ते चौघांना बसवून बदललं. माझा पहिला मसुदा होता, “सर्व्हरकडून प्रतिसाद मिळाला नाही.” तो दिवाणजींनी हाणून पाडला. शेवटी ठरलं ते असं:

```
उत्तर आलं नाही. नोंद झाली असेल किंवा नसेल.
हा फॉर्म बंद करू नका. पुन्हा सेव्ह दाबा, नोंद दोनदा होणार नाही.
```

“झाली असेल किंवा नसेल” हे मालकांना खटकलं. म्हणाले, मशीनने असं अर्धवट बोलू नये, गिऱ्हाईक काय म्हणेल. दिवाणजी म्हणाले, “गाळ्यावर बसलेल्याला तेवढंच ठाऊक असतं. तेवढंच लिहा.” वाक्य राहिलं. त्याखाली आता लहान अक्षरांत फॉर्मचा क्रमांक दिसतो, आणि ऑपरेटरने तो लाइट जायच्या भीतीने काट्याच्या पावतीवर पेनने लिहून ठेवायला सुरुवात केली आहे.